लाखाच्या वर गेलेल्या पांढऱ्या पेशी

निरोगी प्रौढाच्या रक्तात दर मायक्रोलीटरला साधारण 4 ते 11 हजार पांढऱ्या पेशी असतात. न्यूमोनियासारख्या संसर्गात त्या वीस-तीस हजारांपर्यंत चढतात, क्वचित पन्नास हजारांवरही जातात. त्यामुळे नुसता आकडा पाहून निदान होत नाही. मोजणी यंत्र करते. पण त्या पेशी कोणत्या हे नक्की कळण्यासाठी रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरून, लीशमन रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

संसर्गाच्या काचेवर बहुतेक पेशी पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण वाढलेल्या न्यूट्रोफिल असतात. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे सीएमएलमध्ये, आकडा दोन लाखांवर असू शकतो, तरी वाढीच्या सगळ्या पायऱ्यांवरच्या पेशी एकत्र दिसतात, बेसोफिल वाढलेले असतात आणि अगदी कोवळ्या पेशी थोड्याच असतात. असा रुग्ण पुष्कळदा स्वतःच्या पायांनी चालत येतो. तपासताना प्लीहा मोठी लागते. त्यालाही तज्ज्ञाकडे लवकर पाठवावे लागते, पण धोका सहसा तासांवर आलेला नसतो.

तीव्र ल्युकेमियाचे चित्र वेगळे. समजा, पंचेचाळीस वर्षांचा एक माणूस दोन आठवड्यांचा ताप, थकवा आणि हिरड्यांतून येणारे रक्त यांसाठी तपासणी करतो. हिमोग्लोबिन 7, प्लेटलेट 22 हजार, पांढऱ्या पेशी 1 लाख 40 हजार. काचेवर दर शंभर पांढऱ्या पेशींपैकी ऐंशीहून अधिक ब्लास्ट दिसतात: मोठे केंद्रक, त्याभोवती पेशीद्रवाची अरुंद किनार, केंद्रकात ठळक ठिपके. काहींच्या पेशीद्रवात लालसर काडी दिसते. तिला आवर रॉड म्हणतात आणि ती पेशी मायलॉइड जातीची असल्याची खूण आहे. ब्लास्ट ही अस्थिमज्जेतली कोवळी पेशी; ती निरोगी माणसाच्या रक्तात येत नाही. तिचे प्रमाण 20 टक्क्यांवर गेले, की तीव्र ल्युकेमिया धरून चालतात.

पॅथॉलॉजिस्टने असा रिपोर्ट नेहमीच्या वाटेने जाऊ द्यायचा नसतो. रुग्णाच्या डॉक्टरांना त्याच वेळी फोन करायचा असतो. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेल्या की मायलॉइड ब्लास्टची अडचण होते. त्या आकाराने मोठ्या, न वाकणाऱ्या आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटणाऱ्या असतात. फुप्फुसांतल्या आणि मेंदूतल्या बारीक केशवाहिन्यांत त्या अडकतात. मग धाप लागते, डोके दुखते, दृष्टी धूसर होते, बोलणे असंबद्ध होते. मेंदूत रक्तस्रावही होतो. याउलट दीर्घकालीन लिम्फॉइड ल्युकेमियात तीन लाख पेशी असूनही हा त्रास क्वचितच होतो, कारण त्या लहान आणि परिपक्व असतात. म्हणूनच घाई आकड्यापेक्षा पेशींच्या जातीवर ठरते.

वरच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन 7 पाहून रक्ताच्या दोन पिशव्या चढवण्याची इच्छा कोणालाही होईल, पण तीच चूक महागात पडते. लाल पेशी वाढल्या की आधीच घट्ट झालेले रक्त आणखी घट्ट होते. प्लेटलेट मात्र गरजेप्रमाणे देता येतात. स्नायूत इंजेक्शन आणि ॲस्पिरिन टाळतात. ताप आहे म्हणून अंदाजाने स्टिरॉइड दिले, तर लिम्फॉइड ब्लास्ट झपाट्याने फुटतात आणि निदानही झाकले जाते. पेशी फुटल्या की त्यांतले पोटॅशियम, फॉस्फेट आणि यूरिक ॲसिड रक्तात येते. मूत्रपिंडे बंद पडू शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. या अवस्थेला ट्यूमर लायसिस म्हणतात. म्हणून शिरेतून भरपूर द्रव, यूरिक ॲसिड उतरवणारे औषध आणि बहुतेक वेळा पेशी कमी करण्यासाठी हायड्रॉक्सियुरिया अशी सुरुवात होते. पांढऱ्या पेशी इतक्या असल्या, तरी त्यांत संसर्गाशी लढणाऱ्या फारच थोड्या असतात. त्यामुळे ताप असल्यास रक्ताचे कल्चर घेऊन लगेच शिरेतून प्रतिजैविके दिली जातात.

प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा मायलॉइड ल्युकेमियाचाच प्रकार इथे वेगळा ओळखावा लागतो. त्यात गोठण्याची यंत्रणा कोलमडते आणि उपचार सुरू होण्याआधीच रक्तस्रावाने मृत्यू होऊ शकतो. त्याची शंका आली, की जनुकीय तपासणीचा निकाल यायची वाट न पाहता एट्रा हे औषध सुरू करतात. वेळेत उपचार मिळाल्यास हा ल्युकेमियाचा सर्वाधिक बरा होणारा प्रकार ठरतो.

पुढे अस्थिमज्जेची तपासणी, फ्लो सायटोमेट्री आणि गुणसूत्रांची तपासणी करून नेमका प्रकार ठरवतात. हे काम हिमॅटॉलॉजिस्टच्या देखरेखीखालीच होते. रिपोर्टवर 'ब्लास्ट' हा शब्द दिसला, तर पुन्हा तपासणीसाठी आठवडाभर थांबू नये. त्याच दिवशी हिमॅटॉलॉजी विभाग असलेले रुग्णालय गाठावे.