डावीकडे झुकलेली रेघ

दहावीच्या विज्ञानात 'पुनर्हिमायन' नावाचा एक प्रयोग असतो. बर्फाची लादी स्टँडवर ठेवायची, तिच्यावरून बारीक तार टाकायची आणि तारेच्या दोन्ही टोकांना सारखी वजने लटकवायची. तार हळूहळू लादीत उतरत जाते, शेवटी खालून बाहेर पडते, आणि लादी मात्र अखंडच राहते. परीक्षेत याचे कारण एका वाक्यात लिहायचे असते: दाब वाढला की बर्फाचा वितळणबिंदू कमी होतो. गुण मिळतात आणि विषय संपतो. पण कमी होतो म्हणजे किती? आणि मेण किंवा शिसे दाबले तर त्यांचा वितळणबिंदू उलट वाढतो, मग पाण्याचाच खाली का येतो? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका आकृतीत आहेत. तिला प्रावस्था आकृती म्हणतात.

आकृती दिसायला साधी आहे. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर दाब. डावीकडे बर्फाचा प्रदेश, मध्ये वरच्या बाजूला पाण्याचा, उजवीकडे आणि खाली वाफेचा. तिन्ही प्रदेशांमध्ये तीन रेघा, आणि त्या एका ठिपक्यात येऊन मिळतात. ती वाचायची नकाशासारखी: तापमान किती आणि दाब किती हे ठरवले की आपण एका जागी उभे राहतो, आणि ती जागा ज्या प्रदेशात असेल त्या अवस्थेत पाणी असते. नेहमीच्या हवेच्या दाबाला, म्हणजे एका वातावरणाला, डावीकडून उजवीकडे सरळ चालत गेलो तर ० अंश सेल्सिअसला पहिली रेघ ओलांडतो आणि १०० अंशांना दुसरी. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तिथे हीच वाट थोडी खालून जाते आणि पाण्याची रेघ ९५-९६ अंशांनाच लागते. कुकरमध्ये दाब दुप्पट झाला की ती १२० अंशांवर जाते.

प्रदेशात असताना तापमान आणि दाब दोन्ही आपल्या मर्जीने बदलता येतात. रेघेवर तसे चालत नाही. रेघेवर दोन अवस्था एकत्र नांदतात, आणि तिथे दाब ठरला की तापमान आपोआप ठरते. उकळत्या पातेल्याखाली गॅस कितीही मोठा केला तरी पाणी शंभरापुढे जात नाही ते म्हणूनच. जादा उष्णता वाफ करण्यात खर्च होते.

इथे एक शंका यायलाच हवी. ३० अंशांना, एका वातावरणाच्या दाबाला आकृती सांगते की फक्त पाणीच असणार. मग दोरीवरचे कपडे वाळतात कसे? आकृती खोटी नाही, ती फक्त शुद्ध पाण्याची आहे. भांड्यात पाण्याशिवाय दुसरे काहीही नाही, हवासुद्धा नाही, असे ती धरून चालते. दोरीवरच्या कपड्याभोवती हवा असते, आणि त्या हवेतल्या एकट्या बाष्पाचा दाब पाहिला तर तो एका वातावरणाच्या कितीतरी खाली असतो. ३० अंशांना तो सुमारे ४.२ किलोपास्कलच्या खाली आहे तोवर कपडे वाळत राहतात. पावसाळ्यात तो त्या आकड्याजवळ पोचतो आणि चादरी दोन दोन दिवस ओल्या राहतात.

आता तिन्ही रेघा मिळतात तो ठिपका, म्हणजे त्रिक बिंदू. पाण्याचा त्रिक बिंदू ०.०१ अंश सेल्सिअस आणि ६११ पास्कलला आहे. हा दाब हवेच्या दाबाच्या साधारण १६५ वा भाग. बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र टिकतात ती ही एकमेव परिस्थिती, आणि ती निवडण्यात माणसाचा हात नाही. काचेच्या नळीत अतिशुद्ध पाणी भरायचे, हवा पूर्ण काढून नळी बंद करायची, आत थोडा बर्फ धरू द्यायचा. तिन्ही अवस्था दिसत आहेत तोवर आतले तापमान ठरलेलेच आहे, मापक लावायची गरज नाही. म्हणूनच १९५४ पासून २०१९ पर्यंत तापमानाचे एकक केल्विन याच बिंदूवरून ठरवलेले होते. या ठिपक्याच्या खाली पाण्याचा प्रदेशच नाही. तिथे बर्फ तापवला तर तो न वितळता सरळ वाफ होतो, ज्याला आपण संप्लवन म्हणतो. फळे गोठवून निर्वातात सुकवतात तेव्हा दाब या आकड्याच्या खाली ठेवतात. मंगळावर सरासरी दाब या आकड्याच्या आसपासच आहे. २००८ साली फिनिक्स यानाने तिथे खणलेल्या चरातले पांढरे खडे काही दिवसांत नाहीसे झाले, ते बर्फाचेच होते हे शास्त्रज्ञांनी त्यावरूनच ओळखले.

पाणी आणि वाफ यांच्यातली रेघ वर चढत जाते आणि एका जागी चक्क संपते. रेघेवरून वर जाताना पाणी तापून फुगत, विरळ होत जाते. वाफ दाबली जाऊन दाट होत जाते. ३७४ अंशांना, २१८ वातावरणांच्या दाबाला दोघांची घनता एकच होते. मग सीमा कशाची आखायची? हा क्रांतिक बिंदू. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवर हे बारकाईने पाहिले आणि १८६९ साली मांडले. त्या वायूचा क्रांतिक बिंदू ३१ अंशांच्या जवळ आहे, त्यामुळे काचेच्या नळीत सगळे डोळ्यांनी दिसते: द्रवाचा वक्र पृष्ठभाग आधी सपाट होतो, मग पुसट होतो, मग राहतच नाही. ना काही उकळते, ना बुडबुडा येतो.

नागपूरजवळच्या कोराडीच्या वीजकेंद्रातले ६६० मेगावॅटचे संच 'सुपरक्रिटिकल' म्हणतात ते याच अर्थाने. पूर्ण भारावर चालताना बॉयलरमधल्या पाण्याचा दाब क्रांतिक दाबाच्या वर असतो. ते तापत जाते, पण उकळण्याचा असा क्षण त्याच्या वाटेत येतच नाही. जुन्या बॉयलरांत पाणी आणि वाफ वेगळी करणारा मोठा ड्रम असतो. इथे वेगळे करायला दोन गोष्टीच नाहीत, म्हणून तो ड्रमही नाही.

उरली तिसरी रेघ, बर्फ आणि पाणी यांच्यातली. बहुतेक पदार्थांच्या आकृतीत ही रेघ वर जाताना उजवीकडे झुकते; पाण्याच्या आकृतीत डावीकडे. कारण आकारमानात आहे. दाब वाढवला की पदार्थ कमी जागा व्यापणाऱ्या अवस्थेकडे ढकलला जातो. शिसे गोठताना आकसते, म्हणून दाबाखाली ते घनच राहू पाहते. बर्फात पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी षट्कोनी, पोकळ जाळीत बांधलेले असतात. जाळी मोडली की रेणू एकमेकांच्या जवळ येतात. एक किलो बर्फ १.०९ लिटर जागा घेतो, वितळला की १ लिटर. म्हणून दाबाखाली पाणी होणेच सोयीचे.

झुकाव किती हेही काढता येते. क्लापेरॉन यांनी १८३४ मध्ये दिलेला नियम सांगतो: वितळण्याच्या अप्रकट उष्म्याला केल्विनमधल्या तापमानाने आणि आकारमानातल्या फरकाने भागा, रेघेचा चढ मिळतो. एक किलो बर्फासाठी उष्मा ३३४ किलोजूल, तापमान २७३ केल्विन, फरक ०.०९ लिटर. भागाकार येतो साधारण १३.५ मेगापास्कल, म्हणजे सुमारे १३३ वातावरणे, दर अंशाला. वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला एवढा दाब लागतो! जेम्स थॉमसन यांनी १८४९ मध्ये उष्णता-यंत्रांच्या तत्त्वांवरून हा परिणाम आधी कागदावर काढला. पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे भाऊ विल्यम, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन, यांनी ईथर भरलेला नाजूक तापमापक वापरून तो मोजला. पुस्तकातली रेघ चांगलीच तिरपी काढतात ती विद्यार्थ्याला कळावे म्हणून. प्रमाणात काढली, तर शंभर वातावरणांपर्यंत ती उभीच वाटेल.

हा आकडा घेऊन तारेचा प्रयोग तपासू. तार अर्धा मिलिमीटर जाड, लादी १० सेंटिमीटर रुंद, दोन्हीकडे पाच-पाच किलो. दहा किलोचे वजन अर्ध्या चौरस सेंटिमीटरवर पडते, म्हणजे दाब जवळपास २० वातावरणे. वितळणबिंदू उतरला ०.१५ अंश, बस. एवढ्यावर प्रयोग होतो, कारण खोलीत ठेवलेली लादी आधीच ० अंशाला, अगदी रेघेवर टेकलेली असते. तारेखाली झालेले पाणी कडेने वर सरकते, दाब सुटतो आणि ते परत गोठते. गोठताना सुटलेली उष्णता तारेतून खाली येते आणि पुढचा थर वितळवते. म्हणून तांब्याची तार पटापट उतरते आणि तेवढ्याच जाडीचा नायलॉनचा दोरा रेंगाळतो. खोलीतली ऊबही तारेतून आत शिरते, हे शाळेत सहसा कोणी सांगत नाही. नुसत्या दाबाची करामत किती हे पाहायचे तर हाच प्रयोग उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये लावावा. तिथे वितळायला जवळजवळ १८०० वातावरणे लागतील, वीस नव्हे. तार जागची हलणार नाही.

बर्फावर स्केट करणाऱ्याच्या पात्याखालीही दाबानेच पाणी होते, असे अजून ठिकठिकाणी छापले जाते. साठ किलोचा माणूस, पात्याचा बर्फाला टेकणारा भाग सहा चौरस सेंटिमीटर धरला तर दाब दहा वातावरणे, आणि वितळणबिंदू उतरतो ०.०७ अंश. टेकणारा भाग दहापट लहान धरला तरी पाऊण अंशाच्या आतच. उणे १० अंशांच्या बर्फावर लोक मजेत घसरतात, ते या हिशेबात बसत नाही. तिथे घर्षणाची उष्णता आहे, आणि बर्फाच्या पृष्ठभागावर रेणूंचा एक सैल, द्रवासारखा पातळ थर मुळातच असतो. फॅरडे यांनी असा थर असावा हे १८५० मध्येच सुचवले होते.

दाबाने बर्फ खरोखर वितळलेला पाहायचा तर अंटार्क्टिकाला जावे लागते. व्होस्तोक सरोवर सुमारे पावणेचार किलोमीटर बर्फाखाली आहे. त्या थराचा तळावरचा दाब ३०० वातावरणांच्या वर जातो आणि वितळणबिंदू अडीच अंशांनी खाली येतो. जमिनीतून येणारी उष्णता तळाला तिथवर पोचवते, आणि वर कडाक्याची थंडी असली तरी खाली गोडे पाणी राहते.

ही रेघ अशीच डावीकडे जात राहत नाही. २०७० वातावरणांच्या आसपास, उणे २२ अंशांना साधा बर्फच टिकत नाही. त्याची पोकळ जाळी दबून बर्फाचे दुसरेच, पाण्याहून जड रूप तयार होते, आणि तिथून पुढे रेघ इतर पदार्थांसारखी उजवीकडे वळते. हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी १९१२ मध्ये हा सगळा भाग मोजून काढला. दाब दहा हजार वातावरणांच्या जवळ नेला की नेहमीच्या खोलीच्या तापमानालाही पाणी घट्ट होते, आणि तो बर्फ पाण्यात टाकला तर बुडतो.