आधी चोक उतरवा, मग बॅटन चढवा

साताऱ्याला मावशीच्या स्वयंपाकघरात पंचवीसेक वर्षं एकच ट्यूबलाइट होती. पांढऱ्या पत्र्याची चार फुटी पट्टी, बाजूला स्टार्टर, आत वजनदार चोक. गेल्या वर्षी नळीची टोकं काळी पडली तेव्हा मावशीने वायरमनला बोलावून एलईडी बॅटन लावून घेतली. पहिल्या दिवसापासून ती बॅटन दर काही सेकंदांनी क्षणभर मंदावायची आणि पुन्हा उजळायची. दीड महिन्यात ती बंद पडली. वायरमनने नवी आणून लावली, तीही दोन महिने टिकली नाही. "कंपनीचा मालच खराब असणार," असं म्हणून त्याने तिसरी आणायला सांगितलं.

दिवाळीला मी गेलो तेव्हा मावशी म्हणाली, "अरे, तू जरा बघ. जुनी ट्यूब वीस वर्षं काही बोलली नाही, आणि ही नवी का जाते सारखी?"

मेन स्विच बंद करून मी स्टुलावर चढलो. बॅटन भिंतीवर नीट बसवलेली होती, पण तिच्या वरच्या बाजूला जुनी पट्टी तशीच होती. वायरमनने नळी काढली होती, दोन्ही होल्डर कापून टाकले होते आणि प्रत्येक होल्डरला येणाऱ्या दोन-दोन वायरी एकत्र पिळून तिथून बॅटनच्या वायरी जोडल्या होत्या. चोक जागेवर होता. स्टार्टरही जागेवर होता. दोन्ही बॅटन कशामुळे गेल्या ते तिथेच कळलं. मात्र ते समजायला जुनी ट्यूबलाइट पेटते कशी, हे आधी पाहावं लागतं.

ट्यूबच्या नळीत पाऱ्याची थोडी वाफ आणि विरळ वायू असतो. घरातल्या २३० व्होल्टवर थंड नळी पेटत नाही. तिला सुरुवातीला मोठा धक्का लागतो आणि तो धक्का चोक आणि स्टार्टर मिळून देतात. बटण दाबलं की स्टार्टरमधल्या छोट्या काचेच्या कुपीत लुकलुक होते, तिथली धातूची पट्टी तापून वाकते आणि वाट जुळते. आता चोकमधून आणि नळीच्या दोन्ही टोकांच्या तारांमधून प्रवाह वाहतो, त्या तारा तापतात. तेवढ्यात पट्टी थंड होऊन सुटते. प्रवाह अचानक तुटला की चोक उसळतो आणि क्षणभर शेकडो व्होल्टचा धक्का देतो. नळी पेटते ती त्या धक्क्याने.

पेटल्यावर नळीचा स्वभाव बदलतो. प्रवाह वाढू दिला तर ती आणखी आणखी ओढत जाते आणि जळून जाते. तिला लगाम घालायचं काम चोक करतो. पेटलेल्या चार फुटी नळीवर साधारण शंभरेक व्होल्टच उरतात आणि एवढ्यात स्टार्टर चेतत नाही. नळी पेटल्यावर स्टार्टर गप्प बसतो तो याच कारणाने. त्याला बंद करणारं दुसरं काही त्या पट्टीत नसतं. नळी खराब झाली की स्टार्टर सारखा टिकटिकत राहतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता मावशीच्या पट्टीकडे पाहा. नळीच्या जागी बॅटन आली. बॅटनच्या आत स्वतःचा ड्रायव्हर असतो. तो २३० व्होल्ट घेतो आणि एलईडींना हवा तेवढाच प्रवाह मोजून देतो. त्याला पेटायला धक्का लागत नाही आणि बाहेरचा लगामही लागत नाही. पण बॅटन नळीसारखे व्होल्ट खाली ओढत नाही. त्यामुळे स्टार्टरवर पूर्ण २३० व्होल्ट राहतात आणि त्याच्या लेखी नळी अजून पेटलेलीच नसते. तो चेततो, जुळतो, सुटतो, पुन्हा चेततो. जुळला की बॅटनचा पुरवठा क्षणभर तुटतो, म्हणून ती मंदावते. सुटला की चोक उसळतो आणि तो धक्का सरळ ड्रायव्हरवर येतो. ड्रायव्हरमधला कपॅसिटर बहुधा ४०० व्होल्टपर्यंतचा असतो आणि नेहमीच्या विजेवरच त्यावर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट असतात. असे धक्के संध्याकाळभर बसले की तो फुगतो, आणि बॅटन जाते.

मी स्वयंपाकघर अंधारं करून मावशीला दाखवलं. बॅटनची वायर सुटी केली, मेन सुरू केला आणि बटण दाबलं. स्टार्टरच्या टोपणातून निळसर-जांभळी लुकलुक दिसत होती. नळी नाही, बॅटन नाही, तरी स्टार्टर कामाला लागलेला होता.

"मग नुसता स्टार्टर काढला तर?" मावशीने विचारलं. चांगला प्रश्न आहे, कारण बरेच जण तेवढंच करतात. स्टार्टर काढला की सततचे धक्के थांबतात आणि बॅटन नीट पेटते. मग वाटेत एकटा चोक उरतो. बॅटनचा प्रवाह जुन्या ट्यूबच्या चौथाईच्या आसपास असल्याने चोकमध्ये वीजही फारशी वाया जात नाही. पण बटण बंद करताना चोकची उसळी ड्रायव्हरवर येऊ शकते, आणि पंचवीस वर्षं तापलेल्या चोकच्या वेटोळ्यांचं वेष्टन कधी जळेल ते सांगता येत नाही. काही वायरमन म्हणतात, चोक असू द्या, करंट कंट्रोल राहतो. ट्यूबसाठी ते खरं होतं. बॅटनमध्ये ते काम ड्रायव्हर करतो. म्हणून बॅटन लावताना स्टार्टर आणि चोक दोन्ही काढायचेच.

इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर चूक आणखी लवकर भोवते. तो वजनाला हलका असतो, त्याला वेगळा स्टार्टर नसतो आणि त्यावरची ट्यूब न लुकलुकता पेटते. त्यातून बाहेर येणारी वीज आपल्या ५० हर्ट्झची नसते, सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी असते. बॅटनचा ड्रायव्हर त्यासाठी बनवलेलाच नाही. अशा चोकमागे जोडलेली बॅटन एक तर पेटत नाही, किंवा थोड्या वेळात जळते.

बदलायची पद्धत सोपी आहे, पण क्रम पाळावा लागतो. फक्त भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत बटण कित्येकदा न्यूट्रलवर बसवलेलं असतं. मग बटण बंद असलं तरी पट्टीत फेज जिवंत असतो. म्हणून मेन स्विच किंवा त्या खोलीचा एमसीबी पाडायचा, आणि पट्टीतल्या प्रत्येक वायरीला टेस्टर लावून बघायचा. टेस्टर चालू आहे ना, हे आधी चालू सॉकेटमध्ये तपासून घ्यायचं. मग नळी काढायची, पट्टीला येणाऱ्या छताकडच्या वायरी सोडवायच्या आणि पट्टी, चोक, स्टार्टर, होल्डर असं सगळं एकत्र उतरवायचं. बॅटनच्या क्लिपांची भोकं जुन्या पट्टीच्या भोकांशी सहसा जुळत नाहीत, तेव्हा मापाने नवी भोकं पाडून स्क्रू धरणारे प्लॅस्टिकचे प्लग बसवावेत. शेवटी छतातली फेज आणि न्यूट्रल कनेक्टरमध्ये धरून बॅटनच्या वायरींना जोडायची. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड काही वर्षांनी सैल पडतो आणि तापतो. बॅटनला अर्थची वायर दिलेली असेल तर तीही जोडावी.

पट्टी ठेवून तिच्यात एलईडी ट्यूब घालायची असेल, तर हिशेब वेगळा आहे. दिसायला या ट्यूब सारख्याच असतात, पण जोडणीचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाच्या दोन पिनांना द्यायचे असतात. दुसऱ्यात एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला न्यूट्रल. काही ट्यूबच्या खोक्यात खास एलईडी स्टार्टर मिळतो. दिसायला तो जुन्यासारखाच असतो, पण आत नुसता फ्यूज असतो. अशा ट्यूबसाठी जुना स्टार्टर काढून हा घालायचा, आणि साधा लोखंडी चोक मागे राहिला तरी चालतं, कारण ती ट्यूब तसं धरूनच बनवलेली असते. खोक्यात असा स्टार्टर नसेल, तर चोक वगळून थेट वीज द्यायची आणि ट्यूबवर छापलेली आकृती पाहूनच जोडायचं. दोन टोकांच्या ट्यूबमध्ये एक धोका आहे. वीज चालू असताना एक टोक होल्डरमध्ये बसवलं, तर हातात असलेल्या दुसऱ्या टोकाच्या पिनांवर शॉक बसू शकतो. म्हणून ट्यूब बसवताना आणि काढताना मेन बंदच हवा.

सगळं नीट बदलल्यावरही काही घरांत एक तक्रार येते. बटण बंद केलं तरी बॅटन रात्री अंधुक चमकत राहते. हा बॅटनचा दोष नसतो. बटण न्यूट्रलवर असेल, किंवा बटणात छोटा निऑन दिवा असेल, तर वायरीतून थोडासा प्रवाह झिरपत राहतो. ट्यूबला तो पुरत नव्हता म्हणून कधी दिसला नाही, एलईडीला पुरतो. वायरमनकडून बटण फेजवर घेतलं की बहुतेक वेळा ही चमक जाते. ते करून घेतलेलं बरंच, कारण न्यूट्रलवरचं बटण हा धोका दिवा कुठलाही असो, राहतोच.

बचतीचा हिशेबही मावशीला करून दाखवला. ३६ वॅटची नळी आणि जुन्या लोखंडी चोकमध्ये जाणारे साधारण १२ ते १४ वॅट, मिळून ५० वॅट. बॅटन २० वॅटची. रोज सहा तास दिवा जळला तर वर्षाला ६५ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर ५२० रुपये. तीनशे रुपयांची बॅटन वर्षाच्या आत फिटते, पण ती वर्षभर टिकली तरच. मावशीच्या दोन बॅटनचे पैसे साडेतीन महिन्यांत गेले होते.

उतरवलेली नळी फोडायची नाही, तिच्यात पारा असतो. जुन्या कापडात गुंडाळून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. चोक भंगारवाला आनंदाने नेतो.

तिसरी बॅटन लावून झाल्यावर मावशीने स्वतः बटण दाबलं, आणि दहा मिनिटं खुर्ची टाकून बघत बसली. ती एकदाही मंदावली नाही. मग ओट्यावर ठेवलेला जुना चोक हातात घेऊन म्हणाली, "केवढा जड आहे रे हा! आणि मला वाटलं, तो गेला नळीबरोबर." तुमच्याकडे बॅटन लावायला कुणी आलं, तर काम झाल्यावर त्याच्याकडे एवढंच मागा: उतरवलेला चोक आणि स्टार्टर माझ्या हातात दे. ते हातात आले नाहीत, तर ते अजून भिंतीवर आहेत.