जेल पॉलिश: सोलू नका, सुटू द्या

मे महिन्यात घरातल्या लग्नासाठी माझ्या भाचीने जेल नेलपॉलिशचा संच ऑनलाइन मागवला. बेस कोट, टॉप कोट, दोन रंग आणि यूएसबीवर चालणारा मुठीएवढा दिवा. लग्नात नखं सुरेख दिसली. दहा दिवसांनी एका नखावरची कड सुटली, तेव्हा तिने टीव्ही बघता बघता ती सोलायला घेतली आणि तासाभरात दहाही नखं मोकळी केली. दुसऱ्या दिवशी ती हात पुढे करून म्हणाली, "मावशी, हे पांढरं काय आलंय गं?" नखांवर खरखरीत पांढरे चट्टे होते आणि टोकं कागदासारखी वाकत होती. पॉलिशबरोबर नखाचे वरचे थरही निघून आले होते.

साधं नेलपॉलिश वाळतं, म्हणजे त्यातलं द्रावक उडून जातं. जेल वाळत नाही. त्यातले ॲक्रिलेटचे सुटे रेणू अतिनील प्रकाश मिळाला की एकमेकांना जोडले जातात आणि थर कडक होतो. त्यासाठी ठरावीक तरंगलांबीचा आणि पुरेसा प्रकाश लागतो. दिवा कमकुवत असला, जेलशी जुळणारा नसला किंवा थर जाड बसला, तर वरची बाजू घट्ट होते आणि खालची कच्ची राहते. बोट लावून हे कळत नाही, कारण बऱ्याच जेलवर पूर्ण पक्कं झाल्यावरही एक चिकट पापुद्रा उरतो. तो अल्कोहोलने पुसल्यानंतर पृष्ठभागावर सुरकुती दिसली, दाबल्यावर खळगा पडला किंवा रंग कापसाला लागला, तर जेल कच्चं आहे. म्हणून दिवा आणि जेल एकाच कंपनीचे घ्यावेत, थर पातळ द्यावेत, आणि अंगठे वेगळे धरावेत. चार बोटांबरोबर घातला की अंगठा आडवा पडतो आणि त्याच्या कडेला प्रकाश कमी मिळतो. दिव्याखाली नख भाजल्यासारखं वाटलं तर हात लगेच बाहेर काढा. जाड थरात रेणू जुळताना एकदम उष्णता निघते.

कच्च्या जेलची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. त्यातला हेमा नावाचा घटक कातडीला लागत राहिला तर ॲलर्जी होऊ शकते. नखांभोवती खाज येते, बोटांची टोकं भेगाळतात, कधी हात लागून पापण्याही सुजतात. ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते, आणि दातांच्या काही उपचारांतही याच कुळातली रसायनं वापरली जातात. युरोपीय संघात हेमा असलेलं नखांचं जेल फक्त व्यावसायिकांनी वापरण्यासाठी आहे, आणि टीपीओ हा दुसरा एक घटक 1 सप्टेंबर 2025 पासून तिथल्या सौंदर्यप्रसाधनांत बंद आहे. त्यामुळे बाटलीवरची घटकांची यादी वाचा. यादीच नसेल तर ती बाटली घेऊ नका. नखाभोवती केसभर जागा सोडून ब्रश फिरवा, आणि जेल कातडीवर गेलंच तर दिव्याखाली हात घालण्याआधी काडीने पुसून काढा.

दिव्यावर 'एलईडी' लिहिलेलं असलं तरी त्यातून अतिनील-ए किरणं येतातच. 2023 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी अशा दिव्याखाली वीस मिनिटं ठेवल्या, तेव्हा त्यांतल्या 20 ते 30 टक्के मेल्या. त्या ताटलीतल्या उघड्या पेशी होत्या, वर कातडीचं संरक्षण नव्हतं. त्यामुळे कर्करोग होतोच असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पण खबरदारी स्वस्त आहे. बोटांची टोकं उघडी ठेवणारे हातमोजे घाला, किंवा आधी हातांना एसपीएफ 30 चं सनस्क्रीन लावा आणि नखं पुसून घ्या. डॉक्सिसायक्लिनसारखी कातडी उन्हाला हळवी करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा वापरू नका.

आता काढण्याचं. पुढच्या वेळी भाचीला मी शेजारी बसवून दाखवलं. फायलरने फक्त वरची चमक जाईपर्यंत हलकेच घासलं. नखांभोवती व्हॅसलीन लावलं. नखाएवढा कापसाचा तुकडा शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवला आणि वरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलं. ॲसिटोन नसलेलं रिमूव्हर इथे चालत नाही. पंधरा मिनिटांनी एक फॉइल उघडलं, तर जेल फुगून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. लाकडी काडीने त्या सरकवल्या. अनामिकेवरची हलेना, तर ती खरवडली नाही. पुन्हा पाच मिनिटं गुंडाळली. शेवटी हात धुऊन नखांना खोबरेल तेल चोळलं.

ॲसिटोन पटकन पेट घेतं. खिडकी उघडी ठेवा, आणि गॅस किंवा देवापुढची समई पेटलेली असेल त्या खोलीत हे करू नका.

सोललेलं नख दुरुस्त होत नाही, ते वाढून कापलं जावं लागतं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. मे महिन्यातले ते पांढरे चट्टे भाचीच्या नखांवरून पूर्ण जायला दिवाळी उजाडली.