गाण्याची पहिली पाच सेकंदं

फोनवर ऐकणारा माणूस नवं गाणं नीट सुरू होण्याआधीच पुढचं गाणं लावू शकतो. ‘द एको नेस्ट’ या संगीत-विश्लेषण कंपनीचे पॉल लामेर यांनी 2014 मध्ये स्पॉटिफायवरच्या ऐकण्याच्या नोंदी तपासल्या. सुमारे 24 टक्के वेळा श्रोत्याने पहिल्या पाच सेकंदांतच गाणं सोडलेलं होतं, म्हणजे जवळजवळ चारातून एकदा. भिलाईच्या सेक्टर 2 मधल्या एका क्वार्टरच्या मागच्या खोलीत मराठी आणि छत्तीसगढी लग्नगीतांचं संगीत-संयोजन करणारा तरुण कामाला बसला की ‘चारातला एक’ हे शब्द पुन्हापुन्हा उच्चारतो. त्याचं बरंचसं काम त्या एकासाठीच चाललेलं असतं.

त्याच्यापुढच्या हळदीच्या गाण्याची लय मिनिटाला 96 ठोक्यांची आहे. या लयीत चार ठोके, म्हणजे केरव्याचं एक आवर्तन, अडीच सेकंदांत पूर्ण होतं. पाच सेकंदांत दोनच आवर्तनं बसतात. मूळ संयोजनात मात्र शब्दांआधी आठ आवर्तनं होती: आधी सिंथेसायझरचा लांबवलेला सूर, त्यावर बासरी, मग ढोलकी. एकूण 20 सेकंदं. एके काळी हे प्रमाण सर्रास होतं. अमेरिकेतल्या गाजलेल्या गाण्यांचा अभ्यास करून युबेर लेव्हेये गोव्हँ यांनी 2017 मध्ये दाखवलं, की 1980च्या दशकाच्या मध्याला शब्दांआधी सरासरी 20 सेकंदांहून अधिक वादन असे आणि 2015 पर्यंत ते पाच सेकंदांवर आलं.

पहिली काटछाट अगदी साधी. फाइलच्या सुरुवातीला राहून गेलेली अर्ध्या सेकंदाची शांतता तो कापतो. स्टुडिओत ती कुणाला खटकत नाही, पण पाच सेकंदांचा दहावा हिस्सा तिथेच संपतो.

यापुढचं काम खरं कानाचं. स्पीकरवर भरदार वाटणारी सुरुवात तो फोन टेबलावर ठेवून त्याच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकतो, आणि ती जवळजवळ नाहीशी होते. फोनचा स्पीकर खर्जातले सूर फारसे वाजवूच शकत नाही. सिंथेसायझरचा तो सूर बहुतेक खर्जातच होता, म्हणून फोनवरच्या श्रोत्याला पहिली काही सेकंदं रिकामीच ऐकू जात होती. ढोलकीचंही तसंच आहे. धुमाची घुमारेदार थाप फोनवर दबते, शाईच्या पुडीचा टणक, चढा नाद मात्र स्पष्ट उमटतो. त्यामुळे सुरुवातीचा एका ठोक्याचा उठाव तो शाईच्या पुडीवर वाजवून घेतो. आवाज वाढवून मात्र काही साधत नाही, कारण स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी जवळपास एका सरासरी पातळीवर आणून वाजवतात. फार मोठ्या आवाजात तयार केलेलं गाणं तिथे आपोआप खाली येतं.

नवी मांडणी अशी ठरली. एका ठोक्याचा उठाव, त्यानंतर ढोलकी आणि तुणतुण्याचं एक आवर्तन, आणि तीन सेकंदं उलटताच गायिकेचा शब्दांविना आलाप. शब्द सहाव्या सेकंदाच्या आतच सुरू होतात. आलापाआधी गायिकेने घेतलेला श्वास ध्वनिमुद्रणात आला होता. असे श्वास बहुधा साफ केले जातात, इथे तो जाणूनबुजून ठेवला. कुणीतरी आता गाणार आहे हे श्रोत्याला त्या श्वासावरूनच कळतं, आणि या सगळ्या कामातला सर्वांत शहाणा निर्णय तोच.

आणखी एक सोपी वाट असते. मुखड्याची सर्वांत गोड ओळ उचलून थेट सुरुवातीला लावायची. या तरुणाने तीही करून पाहिली. पाच सेकंदं निभावली, पण त्यानंतर येणारा संथ अंतरा फिका पडला आणि मुखडा दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यातली उत्सुकता ओसरली होती. हा दोष ओळखायला यूट्यूबवर गाणं टाकणाऱ्याला दिसणारा आलेख उपयोगी पडतो. किती श्रोते कुठल्या सेकंदापर्यंत टिकले हे त्यात दिसतं. सुरुवातीलाच रेघ कोसळली तर दोष आरंभात. आरंभ सपाट राहून पंधराव्या-विसाव्या सेकंदाला ती कोसळली, तर सुरुवातीने दाखवलेलं गाणं पुढे मिळालं नाही, असा अर्थ. स्पॉटिफायवर 30 सेकंदं ऐकल्याशिवाय एक वादन मोजलंच जात नाही, त्यामुळे पाच सेकंदं जिंकून विसाव्याला हरलेल्या गाण्याच्या खात्यात काहीच जमा होत नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहे. संथ भावगीताला किंवा रागदारीच्या बंदिशीला हाच साचा लावला तर स्वर स्थिरावण्याआधीच शब्द येऊन आदळतात. अशा गाण्यांत शांतता आणि खर्जाचा रिकामेपणा तेवढा काढावा, तानपुरा ठेवावा. हळदीच्या गाण्यात मात्र सुरुवातीची ती बासरी पुढे सरकवून दोन अंतऱ्यांच्या मध्ये बसवली. तिथे ती जास्त शोभते.