स्टिकर बसल्याबद्दल, शी-शू झाल्याबद्दल नव्हे
पॉटी ट्रेनिंगच्या तक्त्यात स्टिकर कशासाठी द्यायचा, हे आधी ठरवा. शी होणं मुलाच्या हातात नसतं, पॉटीवर बसणं असतं. म्हणून जेवणानंतर दोन-तीन मिनिटं बसलं की लगेच स्टिकर, आणि तो त्यानेच चिकटवायचा. संध्याकाळपर्यंत थांबलात तर दोन-अडीच वर्षांच्या मुलाला तो कशाचा, हेच कळत नाही. चड्डी ओली झाली तर शांतपणे बदला. मिळालेला स्टिकर कधीही काढून घेऊ नका. चार-पाच स्टिकर झाले की बक्षीस छोटंच हवं, जसं साबणाचे फुगे. मूल पाय आवळून शी रोखू लागलं किंवा पडद्यामागे लपू लागलं, तर तक्ता काही आठवडे गुंडाळून ठेवा. रोखलेली शी कडक होते, दुखते, मग मूल आणखीच रोखतं. असं झालं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.