आठ तज्ज्ञ, पण काम एकाच्याच गळ्यात: ‘मिक्स्चर ऑफ एक्स्पर्ट्स’मधला समतोल कसा राखतात?

फ्रान्सच्या मिस्ट्राल कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिक्स्ट्राल ८×७बी’ नावाचं भाषा मॉडेल खुलं केलं. नाव वाचून कुणालाही वाटेल, आठ साते छप्पन, म्हणजे यात ५६ अब्ज पॅरामीटर असणार. प्रत्यक्षात ते सुमारे ४७ अब्ज आहेत. आणि एक शब्द, खरं तर शब्दाचा एक तुकडा म्हणजे टोकन, पुढे सरकवताना त्यातले जेमतेम १३ अब्जच वापरले जातात. बाकीचे त्या वेळेपुरते बसून असतात.

हे कसं, ते समजायला मॉडेलच्या आत डोकवावं लागेल. भाषा मॉडेल म्हणजे एकावर एक रचलेले थर. मिक्स्ट्रालमध्ये असे ३२ आहेत. प्रत्येक थरात दोन भाग असतात. पहिल्या भागात, म्हणजे अटेन्शनमध्ये, टोकन आधीच्या टोकनांकडे बघून संदर्भ गोळा करतं. दुसऱ्या भागात प्रत्येक टोकनवर स्वतंत्रपणे प्रक्रिया होते. बहुतेक पॅरामीटर या दुसऱ्या भागातच असतात. मिक्स्ट्रालने त्याच्या आठ वेगवेगळ्या प्रती ठेवल्या आणि त्यांना ‘एक्स्पर्ट’ म्हटलं. अटेन्शनचा भाग मात्र सगळ्यांना सामाईक, म्हणून बेरीज छप्पनवर जात नाही.

एक्स्पर्ट म्हटलं की एक गणितातला, एक कायद्यातला असं चित्र डोळ्यांपुढे येतं. ते सोडून दिलेलं बरं. मिक्स्ट्रालच्या निर्मात्यांनी स्वतः तपासलं तेव्हा विषयानुसार अशी विभागणी त्यांना दिसली नाही. जीवशास्त्राचा आणि तत्त्वज्ञानाचा मजकूर साधारण सारखाच वाटला जात होता. जे साम्य दिसलं ते बाह्य रूपाचं होतं, उदाहरणार्थ प्रोग्रॅममधल्या ओळींपूर्वीच्या मोकळ्या जागा एकाच एक्स्पर्टकडे जाणं.

कोणतं टोकन कुणाकडे जाणार हे ‘राउटर’ ठरवतो. हा अगदी छोटा भाग. टोकन आलं की तो आठही एक्स्पर्टना गुण देतो आणि सर्वाधिक गुणांचे पहिले k निवडतो. यालाच ‘टॉप-के राउटिंग’ म्हणतात. मिक्स्ट्रालमध्ये k म्हणजे २. समजा निवडलेल्या दोघांचे गुण २ आणि १ आले. सॉफ्टमॅक्सच्या सूत्राने त्यांचे वाटे होतात ०.७३ आणि ०.२७. दोघांची उत्तरं या प्रमाणात मिसळली जातात आणि उरलेल्या सहांना कामच लागत नाही. मेमरीत मात्र आठही ठेवावे लागतात, कारण पुढचं टोकन कुणाला मागेल याचा नेम नाही. बचत होते ती आकडेमोडीची, जागेची नाही.

आता खरी अडचण. मॉडेल शिकायला लागतं तेव्हा सगळे एक्स्पर्ट सारखेच अडाणी असतात. निव्वळ योगायोगाने एखाद्याकडे थोडी जास्त टोकनं जातात. जास्त टोकनं म्हणजे जास्त सराव, म्हणून तो थोडा सुधारतो. तो सुधारला म्हणून राउटर त्याला आणखी गुण देतो. असं होत होत एक-दोघांकडे सगळी गर्दी होते आणि बाकीचे कोरेच राहतात. पैसे आठ जणांचे, काम दोघांचं.

यात आणखी एक व्यावहारिक गुंता आहे. एक्स्पर्ट बहुतेक वेळा वेगवेगळ्या चिप्सवर ठेवलेले असतात आणि सगळ्यात जास्त काम असलेली चिप संपेपर्यंत बाकीच्यांना थांबावं लागतं. म्हणून गूगलच्या २०२१ च्या ‘स्विच ट्रान्सफॉर्मर’मध्ये प्रत्येक एक्स्पर्टला मर्यादा घातलेली होती. तिथे k म्हणजे १. समजा १०० टोकनं आणि ४ एक्स्पर्ट आहेत. समान वाटणीत प्रत्येकी २५ येतात, त्यावर पाव पट सूट दिली तर मर्यादा ३१. एकाकडे ७० टोकनं आली, तर त्यातली ३९ कुठलीही प्रक्रिया न होता तशीच पुढच्या थरात ढकलली जातात.

यावर स्विच ट्रान्सफॉर्मरने वापरलेला उपाय म्हणजे शिकण्याच्या मुख्य लॉसमध्ये, म्हणजे चुकीच्या मापात, एक छोटा दंड मिळवणं:

```
L = α · N · Σ (f_i · P_i)
```

`N` म्हणजे एक्स्पर्टची संख्या. `f_i` म्हणजे प्रत्यक्षात किती टक्के टोकनं त्या एक्स्पर्टकडे गेली. `P_i` म्हणजे राउटरने सगळ्या टोकनांवर मिळून त्याला सरासरी किती वाटा दिला. आपल्याच उदाहरणात चौघांकडे ७०, २०, १० आणि ० टोकनं गेली, आणि सरासरी वाटे ०.६०, ०.२०, ०.१५, ०.०५ आहेत असं धरू. गुणाकारांची बेरीज ०.४२ + ०.०४ + ०.०१५ + ० = ०.४७५, आणि चारने गुणल्यावर १.९. सगळं समसमान असतं तर हाच आकडा १ आला असता.

दोन वेगळ्या गोष्टींचा गुणाकार कशाला? नुसता `f` वापरला असता तर? मोजणीची अडचण अशी की गुण किंचित बदलले तरी ती बदलत नाही, आणि बदलते तेव्हा एकदम उडी मारते. मॉडेलला तर हळूहळू कुठे सरकायचं हे कळावं लागतं. `P` मात्र सलग बदलतो. म्हणून दुरुस्ती `P` मधून होते आणि तिचा जोर `f` ठरवतो. पहिल्या एक्स्पर्टचा वाटा ०.७० च्या जोराने खाली ओढला जातो, चौथ्याचा शून्य जोराने. वाट्यांची बेरीज कायम १ असल्याने पहिल्याचं जे कमी होतं ते इतरांकडे जातं.

`α` किती ठेवायचा हा चवीपुरत्या मिठाचा प्रश्न आहे. स्विचमध्ये तो ०.०१ होता, म्हणजे वरच्या उदाहरणातला दंड ०.०१९. फार कमी ठेवला तर गर्दी हटत नाही. फार वाढवला तर टोकनाला कोण योग्य यापेक्षा वाटणी सारखी आहे ना, यालाच राउटर महत्त्व देतो आणि मॉडेलची गुणवत्ता घसरते.

इथे एक फसवी जागा आहे. दंडाचा आकडा १ च्या जवळ दिसला म्हणजे सगळं आलबेल, असं नाही. समजा राउटर प्रत्येक टोकनला ०.२६, ०.२५, ०.२५, ०.२४ असे जवळपास सारखेच वाटे देतोय. k म्हणजे १ असेल तर शंभरही टोकनं पहिल्याकडेच जाणार, तरी आकडा येतो फक्त १.०४. म्हणून शिकवताना प्रत्येक थरात कुणाकडे किती टोकनं गेली ही मोजणी वेगळी पाहावी लागते. माझ्या मते दंडाच्या आलेखापेक्षा तीच जास्त खरं बोलते.

चीनच्या डीपसीकने डिसेंबर २०२४ च्या व्ही३ मॉडेलमध्ये वेगळी वाट धरली. बहुतेक थरांत वाटणीचे २५६ एक्स्पर्ट, त्यातले ८ निवडायचे, शिवाय एक सगळ्यांसाठी कायम चालू. प्रत्येक एक्स्पर्टच्या गुणांत एक छोटी भर घालायची. गर्दी झाली की ती थोडी कमी करायची, रिकामा राहिला की थोडी वाढवायची. ही भर फक्त निवडीपुरती धरतात, उत्तरं मिसळताना मूळ गुणच वापरतात. त्यामुळे समतोलाची ओढ मुख्य शिकण्यात लुडबुड करत नाही. जुना दंड त्यांनीही पूर्ण सोडला नाही. एकाच मजकुराच्या आत टोकोकाची गर्दी होऊ नये म्हणून तो ठेवला, पण ०.०००१ इतक्या नाममात्र वजनाने.