मुखवट्याच्या डोळ्यातून स्टँड दिसतोय?

जव्हार-मोखाड्यात बोहाड्याला नाचवतात तसे कागदाच्या लगद्याचे मुखवटे ऑनलाइन विकायचे, तर फोटोत एक गोची हमखास होते. मुखवटा उभा राहावा म्हणून मागे स्टँड लावतो. ॲप बाहेरची पार्श्वभूमी झटक्यात काढतं, पण डोळ्यांच्या भोकांतून दिसणारी सळई मुखवट्याचाच भाग समजून तशीच ठेवतं. झूम करा आणि भोकं इरेजरने स्वतः पुसा.

उलटा घोळही होतो. मुकुटाची कड पांढरी आणि मागे चादरही पांढरी असेल, तर ॲप कडच खाऊन टाकतं. म्हणून फोटो निळ्या कागदासमोर काढा, पांढरं नंतर भरा.

स्टँडची पकड हनुवटीवर आली असेल, तर ती पुसून तिथे रंग भरू नका. नसलेलं रंगकाम दाखवलं, की माल परत येतो. मोबाइल न हलवता पकड कानाशी सरकवून दुसरा फोटो घ्या आणि हनुवटी त्यातून जोडा.

शेवटी कापलेला मुखवटा क्षणभर भडक लाल रंगावर ठेवून बघा. पांढऱ्यावर लपलेले उरलेसुरले तुकडे लगेच दिसतात.